घरी बनवलेली डेटा केबल: मीटरवर सगळं बरोबर येतंय, तरी रेडिओला लावायला हात धजत नाहीये

निनाद_कोल्हापूर
मंडळी नमस्कार. मागच्या वर्षी हॅम रेडिओचा परवाना हातात आला आणि आता दोन वर्षं साठवलेल्या पैशातून एफटी ८५७ डी रेडिओ घेतलाय, सेकंडहँड पण एकदम चांगल्या कंडिशनमध्ये. एफटी८, म्हणजे रेडिओला कॉम्प्युटर जोडून डिजिटल मेसेज, करायचंय म्हणून मागच्या डेटा सॉकेटसाठी केबल घरीच बनवली. सहा पिनी मिनी डिनचा सुटा प्लग आणि चार तारांची शिल्डवाली वायर आणली आणि भिंगाखाली धरून दोन तास घालून सोल्डर केलं. लाल तार पिन १ ला, म्हणजे डेटा इन. काळी पिन २ ला, ग्राउंड. पिवळी पिन ३ ला, पीटीटी, म्हणजे रेडिओला ट्रान्समिटवर नेणारी. हिरवी पिन ५ ला, म्हणजे १२०० चा डेटा आउट. ४ आणि ६ मोकळ्या, आणि शिल्ड प्लगच्या पत्र्याला. दुसरं टोक अजून सुटंच आहे, तिथे पुढे साऊंड कार्डाचा डबा येणार.

मीटर बीपवर लावून चारही तारा तपासल्या, लाल १ ला वाजते, काळी २ ला, पिवळी ३ ला, हिरवी ५ ला. म्हणजे बरोबरच आहे ना? पण रेडिओ एकच आहे आणि परत घ्यायची ऐपत नाही, त्यामुळे लावायच्या आधी अजून काय बघायला हवं ते कोणीतरी सांगा.

बिट्टू_सीरियल
अरे झालं की मग, चारही वाजतायत ना, लाव बिनधास्त. बीप आला म्हणजे केबल ओके. आणि तसंही डेटा पोर्टवर काही जळण्यासारखं नसतं, सगळे सिग्नलच आहेत.

शॉर्टवेव्ह_काका
निनाद, दोन मिनिटं थांब, लावू नकोस. मला आधी एवढंच सांग की तपासताना मीटरची एक टोचणी तारेला होती, दुसरी कुठे होती? प्लगच्या पुढच्या पिनांना, की मागच्या बाजूला जिथे सोल्डर केलंय तिथे? आणि पिनांचे नंबर तू कुठल्या चित्रावरून घेतलेस?

निनाद_कोल्हापूर
काका, पुढच्या पिना खूपच बारीक आहेत हो, टोचणी एकावेळी दोन पिनांना लागत होती. म्हणून मागून सोल्डरच्या जागीच लावली, टोपण अजून बसवलेलं नाहीये. चित्र नेटवर मिळालं होतं, सहा पिनी प्लगचं, तेच प्रिंट काढून समोर ठेवलं होतं सोल्डर करताना. तपासताना पण तेच.

शॉर्टवेव्ह_काका
मग तू अजून काहीच तपासलेलं नाहीस बाळा, रागावू नकोस. ज्या चित्रावरून सोल्डर केलंस त्याच चित्रावरून, त्याच बाजूने बघून नंबर मोजलेस. चित्र उलटं धरलं असेल तर सोल्डर पण उलटं आणि तपासणी पण उलटी, आणि दोन्ही एकमेकांशी जुळणारच. मीटर फक्त एवढंच म्हणतोय की ही तार या ठिपक्याला लागलीय. तो ठिपका १ नंबरचा आहे हे मीटरने नाही, तूच ठरवलंस.

मिनी डिनची गंमत नीट समजून घे. प्लग तोंडाकडून बघ, म्हणजे पिना तुझ्याकडे, आणि ज्या दोन पिना एकमेकींच्या अगदी जवळ आहेत ती बाजू खाली ठेव. त्या दोघींत डावीकडची १ आणि उजवीकडची २. मधल्या ओळीत डावी ३, उजवी ४. वर डावी ५, उजवी ६. आता तोच प्लग फिरवून मागून बघ, डावं उजवं बदललं. १ च्या जागी २, ३ च्या जागी ४, ५ च्या जागी ६. रेडिओचं सॉकेट समोरून बघितलं की तेही असंच उलटं दिसतं, म्हणजे सॉकेटचं तोंड आणि प्लगची सोल्डरची बाजू ही दोन्ही सारखी दिसतात. मॅन्युअलमधलं चित्र बहुतेक वेळा रेडिओच्या मागच्या पॅनेलकडे बघून काढलेलं असतं, ते सोल्डर करताना थेट चालतं. नेटवरची चित्रं मात्र कुठल्या बाजूने आहेत ते कित्येकदा लिहिलेलंच नसतं.

तुझं चित्र प्लगच्या तोंडाकडून काढलेलं असेल तर अख्खी केबल आरशातली झालीय.

गणेश_साऊंड
माझाही अनुभव सांगतो. मी मंडपात साऊंड करतो, माईकच्या एक्सएलआर केबली सगळ्या स्वतः बनवतो, १ शिल्ड, २ हॉट, ३ कोल्ड. एकदा एका पोराने एका केबलला २ आणि ३ उलट मारल्या होत्या, एक माईक एकटा लावला की मस्त, पण त्याच भटजीबुवांसमोर दोन माईक लावले की आवाज एकदम पातळ, बेसच गायब. अर्धा तास मिक्सरवर शोधत होतो. तेव्हापासून प्रत्येक केबल मीटरवर चढवतो. कार्यक्रमाच्या ठिकाणी वेळ नसतो म्हणून एक टोक मिक्सरला तसंच ठेवून दुसऱ्या टोकाला बीप बघतो, पटकन होतं. तू पण रेडिओला लावून दुसऱ्या टोकाला बघ की काय कुठे वाजतं.

शॉर्टवेव्ह_काका
गणेशराव, तुमची २-३ वाली गोष्ट अगदी पटण्यासारखी आहे, तिथेही फक्त एका तारेचा नाही तर जोडीचा घोळ होता. पण एक टोक यंत्रात ठेवून बीप बघू नका, निनादने तर मुळीच नको. मीटर मग केबल नाही, यंत्राचं पोट मोजतो. आत एखादी कॉइल असेल, कमी ओहमचा रेझिस्टर असेल तर केबल तुटलेली असली तरी बीप येऊ शकतो. आणि यंत्र चालू असेल तर त्या लाइनवरचं व्होल्टेज मीटरवर येतं, आकडा खोटा आणि मीटरलाही धोका. मिक्सरवर फँटमचे ४८ व्होल्ट चालू असतील तर विचारूच नका. दोन्ही टोकं मोकळी, तेव्हाच केबलची टेस्ट.

गणेश_साऊंड
फँटमचा मुद्दा डोक्यात आला नव्हता काका. आता पेटीतच सुटं एक्सएलआर सॉकेट ठेवतो त्यासाठी.

चाकणची_क्यूसी
मी सात वर्षं वायरिंग हार्नेसच्या लाइनवर तपासणीला होते, गाडीतल्या वायरींचे जुडगे. तिथलं एक शिकलेलं सांगते. निनादने चार वेळा बघितलं की वाजायला हवं तिथे वाजतंय. पण वाजायला नको तिथे वाजतंय का हे एकदाही बघितलं नाही, आणि घरी केलेल्या सोल्डरमध्ये जास्त करून तिथेच पकडलं जातं. मिनी डिनच्या दोन जागांमध्ये अंतर जेमतेम असतं, एक सुटलेला तारेचा केस पुरतो.

पद्धत अशी. सहा पिना आणि सातवा प्लगचा पत्रा. एक टोचणी पिन १ वर ठेवायची आणि दुसरी २, ३, ४, ५, ६, पत्रा अशी फिरवायची. मग पहिली टोचणी २ वर, दुसरी ३ पासून पुढे. एकूण २१ जोड्या होतात, पाच मिनिटांचं काम. ४ आणि ६ मोकळ्या आहेत म्हणून सोडायच्या नाहीत, मोकळ्या पिनेला शेजारची चिकटली तरी शॉर्टच आहे. शेवटी टोपण बसवून, वायर क्लॅम्प करून पुन्हा २१ च्या २१ करायच्या. टोपण कसलं की शिल्डचे केस दाबले जाऊन पिनेला टेकतात, हे मी शेकड्यांनी बघितलंय.

बारीक पिनांसाठी शिवणाची सुई घे, तिला क्रोकोडाइल क्लिप लाव आणि सुईच्या पोटावर टेप गुंडाळून फक्त टोक उघडं ठेव. मग शेजारच्या पिनेला लागत नाही.

निनाद_कोल्हापूर
ताई, सुईची आयडिया जबरदस्त, आईच्या डब्यातून घेतली. पण काका, मला अजून एक कळत नाहीये. आता मी पुढून मोजलं तरी १ कुठली हे परत चित्रावरूनच ठरवणार ना? तुम्ही सांगितलेलं मी उलटं समजलो असेन तर पुन्हा तेच. चित्राशिवाय खात्री करायचा काही मार्ग आहे का?

शॉर्टवेव्ह_काका
हाच प्रश्न विचारायला हवा होता, आणि मार्ग आहे. रेडिओलाच विचार. रेडिओ बंद, मागची पॉवरची केबल काढलेली, अँटेना आणि बाकी सगळं काढलेलं. मीटरची एक टोचणी अँटेना सॉकेटच्या बाहेरच्या पत्र्यावर, तो चेसिसला लागलेला आहे. दुसऱ्या टोचणीला एक बारीक एकेरी तार लाव, सॉकेटच्या भोकात अलगद जाईल एवढीच. टोचणी स्वतः भोकात घुसवायची नाही, आतली पाती फाकते आणि मग प्लग कायमचा सैल. जवळ जवळ असलेल्या दोन भोकांपैकी जे चेसिसला वाजेल ते ग्राउंड, म्हणजे पिन २. दुसरं आपोआप १.

आता प्लग त्या सॉकेटसमोर धर, आत न घालता, खाच खाचेसमोर, आणि बघ की तुझी कुठली पिन त्या भोकात जाणार आहे. त्या पिनेला तुझी काळी तार वाजायला हवी. एक पिन पक्की झाली की बाकीच्या पाचांची दिशा पक्की.

बिट्टू_सीरियल
एवढा खटाटोप कशाला, जुन्या पीएस टू कीबोर्डची केबल कापायची, प्लग तोच आहे सहा पिनी, मोल्डेड येतो, सोल्डरची झंझट नाही. कलर कोड नेटवर आहे. मी तेच केलं माझ्या मित्राच्या रेडिओला.

शॉर्टवेव्ह_काका
प्लग तोच हे खरं. पण कीबोर्डला चारच तारा लागतात, १, ३, ४ आणि ५. पिन २ आणि ६ ला बहुतेक कीबोर्डच्या केबलीत तारच नसते. रेडिओत पिन २ म्हणजे ग्राउंड, म्हणजे नेमकी हवी असलेलीच नाही. काहींचं काम पत्र्याच्या शिल्डवरून चालून जातं आणि मग वाटतं सगळं ठीक आहे. आणि रंगांचं म्हणशील तर कीबोर्ड बनवणारे रंग एकमेकांशी जुळवत नाहीत, एकाची पांढरी ती दुसऱ्याची हिरवी. ती केबल वापरायला हरकत नाही, पण तीही कापून सहाही पिना मीटरवर लावूनच.

बिट्टू_सीरियल
थांबा मग, मित्राच्या केबलला पिन २ बघायला सांगतो. ट्रान्समिटला हम येतो अशी त्याची तक्रार आहेच.

निनाद_कोल्हापूर
केलं. हात थरथरत होते पण केलं. रेडिओची पॉवर काढून, अँटेना सॉकेटच्या पत्र्यावरून बघितलं. सॉकेट समोरून बघताना खालच्या दोन भोकांपैकी डावीकडचं वाजलं, उजवीकडचं गप्प. म्हणजे डावीकडचं २. मग प्लग समोर धरून तीच पिन सुईने पकडली आणि सुट्या टोकाच्या तारा एकेक करून लावल्या.

काळी नाही वाजली. लाल वाजली.

मग सगळंच पुन्हा केलं तोंडाकडून, आणि हे आलं: लाल पिन २ ला, काळी पिन १ ला, पिवळी पिन ४ ला, हिरवी पिन ६ ला. पिन ३ आणि ५ ला काहीच नाही. काका, अख्खी केबल आरशातली. दोन तास मन लावून एकदम नीट, पण उलटी.

शॉर्टवेव्ह_काका
तुझ्या या यादीवरूनच रोग कळतो बघ. एखादीच तार चुकली असती तर तो हाताचा घोळ. इथे १-२, ३-४, ५-६ अशा तीनही जोड्यांची अदलाबदल आहे, हा चित्राच्या बाजूचाच घोळ.

लावली असती तर काय झालं असतं ते खरं खरं सांगतो, उगाच घाबरवत नाही. तुझा साऊंड कार्डाचा आवाज थेट ग्राउंडला गेला असता, पीटीटीची तार ९६०० च्या आउटपुटवर जाऊन बसली असती आणि हिरवी स्क्वेल्चच्या पिनेवर. बहुतेक काहीच जळलं नसतं, फक्त रेडिओ ट्रान्समिटवर गेला नसता आणि तू आठवडाभर कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये डोकं घातलं असतंस. पण म्हणून बिट्टूचं "काही जळत नाही" हे मी मानणार नाही. त्याच पॅनेलवर कॅटचं, म्हणजे कॉम्प्युटरवरून रेडिओ चालवायचं, आठ पिनी मिनी डिन आहे आणि त्यात एका पिनेवर १३.८ व्होल्ट थेट बाहेर येतात. पुढची केबल तू त्याचीच करणार आहेस. तिथे आरसा झाला तर ते १३.८ व्होल्ट कुठे जातील याचा विचार कर.

बिट्टू_सीरियल
कॅटचं मान्य. पण तिथे तरी मॅपिंग बरोबर आलं, २१ काय त्या जोड्या पण बघितल्या, की मग कॉम्प्युटरच्या नऊ पिनी सीरियलला सरळ जोडायला हरकत नाही ना?

शॉर्टवेव्ह_काका
आहे हरकत. या रेडिओचं कॅट ५ व्होल्ट टीटीएलचं आहे आणि नऊ पिनी सीरियलवर आरएस २३२, ते उणे व्होल्टेजही टाकतं. मधे लेव्हल बदलणारी चिप हवीच. मीटर सांगेल की तार बरोबर पिनेला पोचली, त्या तारेवरून काय येणार आहे ते तो सांगू शकत नाही.

निनाद_कोल्हापूर
केबल उसवून परत सोल्डर केली. यावेळी मॅन्युअलचं चित्र घेतलं, त्याच्याखाली मागच्या पॅनेलकडून असं लिहिलेलं होतं, आणि प्लगच्या मागे पिन २ च्या शेजारी मार्करने ठिपका दिला. चारही तारा आता बरोबर. २१ जोड्यांत पिन २ आणि पत्रा एवढीच जोडी वाजते, ती मीच जाणूनबुजून जोडलीय.

पण एक शंका. हिरवी तार वाजते बरोबर पिन ५ ला, पण ओहमवर लावून बघितलं तर आकडा ६ च्या आसपास येतो आणि वायर हलवली की ४, ९, परत ६ असा पळतो. बाकीच्या तिन्ही ०.४ वर गप उभ्या. टोचण्या एकमेकींना लावल्या की ०.२ येतात. बीपमध्ये तर काहीच फरक नव्हता.

चाकणची_क्यूसी
हिरवीचं सोल्डर कच्चं आहे. बीप हा ढोबळ निकाल असतो, कुठला मीटर ३० ओहमपर्यंत वाजतो, कुठला ७० पर्यंत, त्यामुळे ६ ओहम त्याला शून्यासारखेच. दीड मीटर तारेला टोचण्यांचे धरून अर्ध्या ओहमच्या आतच यायला पाहिजे, आणि मुख्य म्हणजे आकडा हलायला नको. भिंगातून बघ, सोल्डर तारेभोवती गोळा होऊन बसलेलं दिसेल, पिनेच्या वाटीत उतरलेलं नसेल. थोडा फ्लक्स लावून पुन्हा तापव. जास्त वेळ नको, आतलं प्लास्टिक वितळून पिन तिरकी होते, तापवताना प्लग जुन्या सॉकेटमध्ये घालून ठेवलास तर पिना जागेवर राहतात.

निनाद_कोल्हापूर
अगदी तसंच होतं ताई, गोळा. पुन्हा तापवलं, आता ०.४ आणि कितीही हलवा, हलत नाही. आता डब्याकडे वळलो. काका, लाल तारेवर साऊंड कार्डाकडून येताना १० किलोओहम सिरीजमध्ये आणि पिन १ ते ग्राउंड १०० ओहम टाकलेत, लेव्हल पाडायला. आता जॅकच्या टोकापासून पिन १ पर्यंत बीपच येत नाही. हे बरोबर आहे का तुटलंय?

शॉर्टवेव्ह_काका
बरोबर आहे, इथे बीप आला असता तर मी घाबरलो असतो. आता बीप सोड आणि ओहम बघ. जॅकचं टोक ते पिन १, साधारण १० किलोओहम. पिन १ ते पिन २, १०० च्या जवळपास. हे दोन आकडे आले की मधला डबा बरोबर. डेटा इनला १२०० वर ४० मिलिव्होल्ट पीक टू पीकच लागतात आणि साऊंड कार्ड सहज एक व्होल्ट आरएमएस देतं, म्हणजे पीक टू पीक २.८ व्होल्ट, १० किलो आणि १०० मुळे त्याचा शंभरावा हिस्सा होतो, म्हणजे २८ मिलिव्होल्टच्या आसपास पीक टू पीक. चांगलं निवडलंयस.

पीटीटीला ऑप्टोकपलर टाकणार असशील तर पिन ३ ते पिन २ दोन्हीकडून टोचण्या बदलून बघ, पॉवर नसताना गप्पच राहायला हवं. तिथे बीप आला तर प्लग लावल्या लावल्या रेडिओ ट्रान्समिटवर जाईल.

गणेश_साऊंड
एक विचारू का, शिल्ड दोन्ही टोकांना जोडायची की एकाच? आम्ही स्टेजवर हम आला की एका टोकाची तोडतो.

चाकणची_क्यूसी
आमच्याकडे ड्रॉइंगमध्ये जसं असेल तसं, जास्त करून एकाच टोकाला.

शॉर्टवेव्ह_काका
मी दोन्ही टोकांना जोडतो, कारण ५० वॅट सोडल्यावर ट्रान्समिटचंच आरएफ या केबलमध्ये शिरतं आणि एका टोकाची शिल्ड तिथे अर्धवट काम करते. पण ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाकून रेडिओ आणि कॉम्प्युटरचं ग्राउंड वेगळं ठेवणाऱ्यांचंही म्हणणं खोटं नाही. निनादच्या डब्यात ट्रान्सफॉर्मर नाहीत म्हणून ग्राउंड एकच आहे. पुढे टाकलेस तर मात्र जॅकचा पत्रा आणि प्लगचा पत्रा यांच्यात बीप येता कामा नये, शिल्डने चुपचाप जोडलेलं असतं आणि ट्रान्सफॉर्मर फुकट जातात. माझ्या स्वतःच्या डब्यात हे दोन वर्षं तसंच होतं.

गणेश_साऊंड
म्हणजे हम आला तर एक टोक तोडायचं आणि आरएफ आलं तर जोडायचं. मग दोन्ही आले तर?

शॉर्टवेव्ह_काका
त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मी फेराइट लावून बघतो, कधी जातं कधी नाही.

बिट्टू_सीरियल
मित्राने बघितलं. त्याच्या कीबोर्डच्या केबलला पिन २ ला खरंच काही नाही, ग्राउंड नुसतं पत्र्यावरून चालू होतं. प्लग जरा दाबला की हम कमी होतो म्हणाला. आता तो नवीन प्लग आणतोय, सुई पण मागितलीय.

निनाद_कोल्हापूर
जॅक ते पिन १ ला १०.१ किलोओहम, पिन १ ते २ ला ९९. पिन ३ ते २ दोन्हीकडून गप्प. टोपण कसून २१ जोड्या परत केल्या आणि ५ आणि पत्रा ही जोडी वाजली, आधी वाजत नव्हती! टोपण उघडलं तर शिल्डचा एक केस क्लॅम्पखाली दाबला जाऊन हिरवीच्या वाटीला टेकला होता. कापला, वर बारीक स्लीव्ह घातली, परत कसलं, परत २१. आता फक्त २ आणि पत्रा.

रात्री आठला लावली. पॉवर सगळ्यात कमी, अँटेनाऐवजी डमी लोडवर. रिसिव्हच्या सिग्नलचं सरकतं चित्र, तो धबधबा, स्क्रीनवर दिसतोय, पीटीटी सोडल्यावर लगेच सुटतो. हम आहे थोडा, लॅपटॉपचा चार्जर काढला की जातो.

शॉर्टवेव्ह_काका
चार्जर काढल्यावर जातो म्हणजे ग्राउंडचाच. दोन ट्रान्सफॉर्मर आण, आणि टाकल्यावर पत्रा ते पत्रा काय येतं ते इथे लिही.